अमायलॉइड निघतं, तरी विसरणं का थांबत नाही?

प्रश्न: आई ७४ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, मुलुंडला माझ्याकडे राहते. दोन वर्षांपासून विसरते, तेच तेच विचारते. गेल्या महिन्यात बाजारातून येताना गल्ली चुकली. स्वयंपाक अजून करते, आंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः. हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो, मेंदूतलं अमायलॉइड काढणारी इंजेक्शनं आली आहेत, आईला देऊया. इथे कोणी म्हणतं, अमायलॉइडचं सगळं संशोधनच खोटं निघालं, खरं कारण टाउ. काय खरं मानायचं? आणि अमायलॉइड काढूनही माणूस बरा का होत नाही?

उत्तर:

आधी त्या ‘खोटं निघालं’चा निकाल लावू, कारण हा प्रश्न मला ओपीडीत दर काही दिवसांनी ऐकायला मिळतो आणि बहुतेक वेळा तो व्हॉट्सॲपवरून आलेला असतो. २००६ साली एका नामांकित विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता. अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपामुळे उंदरांची स्मरणशक्ती बिघडते, असा त्यात दावा होता. पुढे त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार असल्याचं उघड झालं आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रकरण लाजिरवाणं होतं, त्यात शंका नाही. पण तुमचा भाऊ ज्या इंजेक्शनांबद्दल बोलतोय, ती त्या रूपावर बेतलेली नाहीत. अमायलॉइडवरचा संशय त्या निबंधाच्या कितीतरी आधीपासून, आणि उंदरांवरून नव्हे तर माणसांच्या जनुकांवरून पक्का होत आलेला आहे.

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या. पेशींच्या बाहेर साचलेले चिकट ठिपके, ज्यांना आपण प्लाक म्हणतो, आणि पेशींच्या आत पिळ पडलेल्या धाग्यांचे गुंते. प्लाक अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनतुकड्याचे असतात, गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे. दोन्ही एकाच मेंदूत, एकाच वेळी. यातलं आधी कोण आणि घातक कोण, यावर गेली चाळीसेक वर्षं शास्त्रज्ञ भांडत आहेत.

अमायलॉइडची बाजू मजबूत झाली ती १९८४ पासून. त्या वर्षी ग्लेनर आणि वाँग यांनी हा तुकडा वेगळा काढून त्याची रचना वाचली. तो ज्या मोठ्या प्रथिनातून कापला जातो, त्याचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर निघालं. डाउन सिंड्रोममध्ये नेमकं हेच गुणसूत्र एक जास्त असतं, आणि त्या मंडळींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्रास प्लाक सापडतात. एक अपवाद तर पाहण्यासारखा आहे. १९९८ साली डाउन सिंड्रोम असलेल्या एका ७८ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या जादा गुणसूत्राचा नेमका तो भाग नव्हता, म्हणजे त्या जनुकाची तिसरी प्रत नव्हती. त्यांना अल्झायमर झालेला नव्हता.

ज्या मोजक्या घराण्यांत हा आजार चाळिशी-पन्नाशीत पिढ्यान्‌पिढ्या येतो, त्यांच्यात सापडलेले जनुकबदलही याच दिशेला बोट दाखवतात. ते एकतर त्या मोठ्या प्रथिनात असतात, नाहीतर ते कापणाऱ्या यंत्रणेत. उलट २०१२ मध्ये आइसलंडमध्ये असा बदल सापडला की ज्याने अमायलॉइड कमी बनतं, आणि ती माणसं म्हातारपणी या आजारापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. एकाच जनुकात वाढवणारा बदल आजार आणतो आणि कमी करणारा बदल वाचवतो, याहून चांगला पुरावा वैद्यकात सहसा मिळत नाही. १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी हे सगळं एका साखळीत मांडलं. आधी अमायलॉइड साचतं, त्यामुळे टाउ बिघडतं, त्यामुळे पेशी मरतात आणि मग माणूस विसरतो. हेच ते अमायलॉइड गृहीतक.

आता टाउवाल्यांची बाजू ऐका, कारण तीही तितकीच ठोस आहे. टाउ हे मुळात उपयोगी प्रथिन आहे. चेतापेशीच्या लांब शेपटीत सामान वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांना ते स्थिर ठेवतं. आजारात त्यावर फॉस्फेटचे जादा गट चिकटतात, ते नळीवरून सुटतं आणि आपसात गुंततं. हे गुंते मेंदूत कुठे आणि कोणत्या क्रमाने पसरतात याचा नकाशा हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये मांडला. सुरुवात कानाच्या पातळीवर मेंदूत खोल असलेल्या स्मृतीच्या भागात, मग हिपोकॅम्पस, मग बाकीचा मेंदू. आईंना आधी ताज्या गोष्टी आठवेनाशा होतात आणि रस्ते नंतर चुकतात, तो क्रम या नकाशाशी जुळतो. अमायलॉइडचं तसं नाही. ते कुठे साचलंय यावरून रुग्णाची लक्षणं सांगता येत नाहीत. किती साचलंय यावरूनही फारशी नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या, डोकं शाबूत असलेल्या कितीतरी लोकांच्या मेंदूत, साचलेलं प्रथिन दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये, भरपूर अमायलॉइड दिसतं आणि ते घरचा हिशेब चोख ठेवत असतात. टाउ जिथे वाढलं, तिथे मात्र पेशी मरतात आणि तिथलंच काम बिघडतं.

मग टाउच खरं कारण का म्हणू नये? १९९८ साली टाउच्या जनुकातले बदल सापडले. ते असलेल्या लोकांना डिमेन्शिया होतो, पण वेगळ्या जातीचा, कपाळामागच्या भागाचा, आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे प्लाक नसतात. म्हणजे टाउ एकट्याने मेंदू मारू शकतं, पण त्याने अल्झायमर होत नाही. आणि दुसरी गोष्ट, स्मृतीच्या त्या छोट्या भागात थोडंफार टाउ वय झालेल्या बहुतेकांच्या मेंदूत असतंच. ते तिथेच घुटमळत राहतं. अमायलॉइड साचलेलं असलं की मग ते उंबरठा ओलांडून सगळीकडे पसरतं. अमायलॉइड नेमकं कशाने टाउला हा परवाना देतं, हे अजून उलगडलेलं नाही. या दुव्याला माझ्या मते दोन्ही बाजूंच्या भांडणात हवं तेवढं महत्त्व मिळालं नाही.

हा दुवा तुटला तर काय होतं, हे कोलंबियातल्या एका बाईंनी दाखवून दिलं. त्यांच्या विस्तारित घराण्यात लवकर येणाऱ्या अल्झायमरचा जनुकबदल आहे. ज्यांना तो असतो त्यांची स्मृती साधारण चव्वेचाळिशीत ढासळू लागते. या बाईंनाही तो होता, पण त्यांचं विसरणं सुरू झालं सत्तरी गाठल्यावर. २०१९ मध्ये त्यांचे स्कॅन प्रसिद्ध झाले. मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेलं आणि टाउ मात्र फारच थोडं. अल्झायमरचा धोका कमी-जास्त करणारं एपीओई नावाचं एक जनुक आहे. त्यांच्याकडे त्याचा एक दुर्मिळ प्रकार दोन्ही प्रतींमध्ये होता, आणि त्यानेच बहुधा अमायलॉइड ते टाउ हा प्रवास अडवून धरला. एका व्यक्तीवरून नियम होत नाही, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगतो. अमायलॉइड असूनही जवळपास तीन दशकं माणूस धड राहू शकतो, टाउ पसरलं नाही तर.

एवढं डोक्यात ठेवलं की औषधांचा गोंधळ बराच सुटतो. अमायलॉइड पहिल्या लक्षणाच्या पंधरा-वीस वर्षं आधी साचायला लागतं. आई पहिल्यांदा गल्ली चुकली तेव्हा अमायलॉइडची पातळी जवळजवळ शिगेला पोचून स्थिरावलेली असते आणि पुढचं काम टाउने हातात घेतलेलं असतं. नालेसफाई मे महिन्यात केली तर घरात पाणी शिरत नाही. जुलैत पाणी गुडघाभर चढल्यावर तोच नाला उपसला तर नवं पाणी यायचं कमी होईल, पण भिजून कुजलेलं कपाट परत उभं राहत नाही.

पण ‘उशीर झाला’ एवढ्यावर सगळं खपवू नये. औषध कंपन्यांनी वीस वर्षं हेच उत्तर दिलं, आणि त्यामागे बऱ्याच वेगवेगळ्या अपयशांना एकाच पोत्यात भरलं गेलं. ती वेगळी करून पाहिली पाहिजेत.

पहिल्या प्रकारात अमायलॉइड बनूच द्यायचं नाही, अशी कल्पना होती. ते कापणारी दोन एन्झाइम आहेत, त्यांना अडवायचं. सेमागासेस्टॅटने एकाला अडवलं. २०१० मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची स्थिती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली आणि त्वचेचे कर्करोग वाढले. ते एन्झाइम शरीरात इतरही कितीतरी प्रथिनं कापतं, ती सगळी अडली. व्हेरुबेसेस्टॅटने दुसऱ्याला अडवलं. मेंदूभोवतीच्या पाण्यातलं अमायलॉइड निम्म्याहून खूप खाली आलं, तरी फायदा शून्य आणि काही चाचण्यांत गुण घसरलेच. इथे गृहीतकाची परीक्षा झालीच नाही, असं मी म्हणेन. औषधाने मेंदूची दुसरी कामं बिघडवली, त्यात अमायलॉइड कमी झाल्याचा फायदा असेल-नसेल तो दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय नवं बनणं थांबवलं म्हणून वीस वर्षांचा जुना साठा जात नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं, म्हणजे अमायलॉइडला चिकटून ते साफ करायला लावणारी इंजेक्शनं. पहिल्या मोठ्या चाचण्यांत दोन चुका होत्या. एक म्हणजे रुग्णांची निवड फक्त लक्षणांवरून झाली. नंतर स्कॅन केल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांच्या मेंदूत अमायलॉइडच नव्हतं. त्यांना अल्झायमर नव्हताच, वेगळाच डिमेन्शिया होता. बॅपिन्यूझुमॅब नावाच्या प्रतिपिंडाच्या चाचणीत, एपीओईचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा प्रकार नसलेल्यांपैकी तिघांत जवळपास एकाची ही गत होती. दुसरी चूक, औषध प्लाक काढतच नव्हतं. सोलॅनेझुमॅब रक्तात-पाण्यात सुटं फिरणारं अमायलॉइड पकडायचं, साचलेल्या प्लाकला ते हात लावत नव्हतं. ते २०१६ मध्ये सौम्य आजारात फसलं. पुढे लक्षणं नसलेल्या, पण स्कॅनमध्ये अमायलॉइड असलेल्या माणसांतही २०२३ मध्ये फसलं. ‘लवकर दिलं तर चालेल’ या आशेला तो धक्का होता, पण प्लाक न काढणाऱ्या औषधावरून प्लाक काढण्याबद्दल फार काही कळत नाही.

मला खरी अडचणीची वाटते ती तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात जुनी आहे. २००० च्या सुमारास अमायलॉइडविरुद्ध एक लस करून पाहिली गेली. सुमारे सहा टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली म्हणून २००२ मध्ये ती थांबली. काही वर्षांनी लस घेतलेल्यांपैकी जे वारले त्यांच्या मेंदूंची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ जणांपैकी काहींच्या मेंदूतून प्लाक जवळजवळ नाहीसे झाले होते. तरी आठांपैकी सात जण मरणापूर्वी अखेरच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात होते. या टप्प्यावर नाला खरोखर कोरडा झाला तरी काही वाचलं नाही, हे त्या छोट्या अभ्यासाने सांगितलं होतं. तो निकाल तेव्हा गांभीर्याने घेतला असता तर पुढच्या दहा वर्षांत चाचण्या कुणावर करायच्या हे वेगळं ठरलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

मग आता आलेली इंजेक्शनं वेगळी काय? ती प्लाक खरंच काढतात आणि तपासणीत अमायलॉइड असल्याचं दिसल्याशिवाय कुणाला देत नाहीत. त्यातल्या लेकॅनेमॅब या इंजेक्शनाची गोष्ट तर गमतीशीर आहे. स्वीडनमधल्या एका घराण्यात असा जनुकबदल सापडला की ज्यात पूर्ण घट्ट प्लाक होण्याआधीचे अर्धवट धागेच जास्त बनत होते, तरी माणसं आजारी पडत होती. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावरून त्या धाग्यांना पकडणारं प्रतिपिंड बनवलं. त्याची मोठी चाचणी १,७९५ लोकांवर, अठरा महिने, दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध देऊन झाली. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

तिचा निकाल तुमच्या आईंच्या आकड्यांत मांडतो, म्हणजे ‘२७ टक्के’ या जाहिरातीतल्या आकड्याचा अर्थ लागेल. चाचणीत सीडीआर नावाची मोजपट्टी वापरली होती. त्यात सहा रकाने असतात: स्मृती, वेळ-जागेचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद, आणि स्वतःची निगा. प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्त म्हणजे वाईट, सगळे मिळून जास्तीत जास्त १८. तुम्ही लिहिलेल्यावरून अंदाज करतो, प्रत्यक्ष तपासल्यावर थोडा फरक पडेल. स्मृतीला १, कारण विसरण्याने रोजचे व्यवहार अडतात. गल्ली चुकली म्हणून भानाला अर्धा. निर्णय, बाहेरचे व्यवहार आणि घरकाम यांना अर्धा अर्धा धरू. निगा उत्तम, तिथे शून्य. बेरीज ३. त्या चाचणीतल्या लोकांची सुरुवातीची सरासरीही तीनच्या थोडी वर होती, म्हणजे आई तशा लोकांतच मोडतात.

अठरा महिन्यांत साधं सलाइन घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.६६ ने बिघडले, औषध घेणाऱ्यांचे १.२१ ने. आईंचा आकडा औषधाविना ३ वरून ४.६६ होईल, औषध घेऊन ४.२१. मधला फरक ०.४५. दोन्ही बाजूंना माणूस बिघडलेलाच आहे, सुधारलेला कुणी नाही. १.६६ च्या तुलनेत ०.४५ म्हणजे २७ टक्के, म्हणून ‘ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला’. तो आकडा खराच आहे. पण या मोजपट्टीवर एका रकान्यातली सगळ्यात छोटी पायरी अर्ध्या गुणाची असते, आणि हा फरक त्याहूनही किंचित कमी. वेळेत मोजायचा तर, औषधाविना जी स्थिती साधारण तेराव्या महिन्यात आली असती ती औषधाने अठराव्या महिन्यात आली. म्हणजे दीड वर्षात पाचेक महिन्यांची सवलत. घरात कुणाला तो फरक जाणवेल का? मी प्रामाणिकपणे सांगेन, एका माणसाकडे पाहून बहुधा नाही, हजारांची सरासरी काढल्यावर हो. पुढच्या वर्षांत हे अंतर वाढत जातं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं पक्कं उत्तर अठरा महिन्यांच्या चाचणीत असणार नाही.

अमायलॉइड मात्र जोरदार खाली आलं. पेट स्कॅनवरच्या ज्या मापात ० म्हणजे तरुण निरोगी मेंदू आणि १०० म्हणजे सर्वसाधारण अल्झायमर, त्या मापावर ते सुमारे ७८ वरून सुमारे २३ वर आलं. दोनतृतीयांशाहून जास्त अमायलॉइड गेलं आणि ऱ्हास चौथ्या हिश्शाने मंदावला. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अमायलॉइडचा आजारात वाटा आहे हे यातून सिद्ध झालं, नाहीतर तेवढाही फरक पडला नसता. पण लक्षणं सुरू झाल्यावर गाडी मुख्यतः दुसऱ्याच इंजिनावर चालू असते हेही त्याच आकड्यांतून दिसतं.

ते दुसरं इंजिन टाउ असावं याचा सर्वांत चांगला पुरावा दुसऱ्या इंजेक्शनाने दिला. डोनॅनेमॅबच्या चाचणीत आधीच टाउचाही पेट स्कॅन केला गेला. ज्यांच्यात टाउ कमी वा मध्यम होतं, त्यांचा ऱ्हास सुमारे ३५ टक्क्यांनी मंदावला. टाउ खूप पसरलेलेही धरले तर हाच आकडा २२ वर आला, आणि त्या जास्त टाउवाल्या गटात स्पष्ट फायदा दिसलाच नाही. अमायलॉइड मात्र त्यांचंही निघालं होतं. अमायलॉइडला मारणाऱ्या औषधाचा उपयोग किती होणार, हे टाउवरून ठरलं.

‘मग टाउलाच का मारत नाहीत?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. प्रयत्न झाले. टाउविरुद्धची पहिली प्रतिपिंडं पेशींच्या बाहेर फिरणारं टाउ पकडत होती, आणि ती फसली. अमायलॉइड बाहेर साचतं, तिथपर्यंत प्रतिपिंड पोचतं. टाउचं बहुतेक नुकसान पेशीच्या आत होतं, तिथे ते सहज शिरत नाही. आता टाउ बनवण्याचा पेशीतला निरोपच अडवणारी औषधं पाठीच्या कण्यातून देऊन पाहिली जात आहेत. त्यांचं काय होतं ते बघू.

शिवाय पंचाहत्तरीच्या मेंदूत अल्झायमर क्वचितच एकटा असतो. मधुमेह, रक्तदाब यांमुळे बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान, लुई बॉडी नावाचे पेशीतले प्रथिनाचे गोळे, टीडीपी-४३ नावाचं आणखी एक बिघडलेलं प्रथिन, यातलं काही ना काही सोबत असतं. आपल्याकडे रक्तवाहिन्यांचा वाटा तर हमखास. अमायलॉइड काढल्याने यातलं काहीच सुटत नाही.

आता धोका, आणि इथेच आईंच्या बाबतीत निर्णय होतो. अमायलॉइड फक्त प्लाकमध्ये नसतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतं. औषध तिथलंही उपसतं तेव्हा भिंती गळक्या होतात. मेंदूत पाणी साचून सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतात. लेकॅनेमॅबमध्ये सूज १२.६ टक्के लोकांत एमआरआयवर दिसली, साध्या सलाइनवर १.७ टक्के. बहुतेकांना काही जाणवलं नाही. काहींना डोकेदुखी, गोंधळ, दृष्टीचा त्रास झाला, क्वचित कुणी दगावलेही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत ठरलेल्या इंजेक्शनांआधी पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत ही सूज सुमारे एकतृतीयांश लोकांत आली, एकही प्रत नसलेल्यांत वीसात एकाला. त्यामुळे औषधाआधी या जनुकाची रक्तचाचणी करतात. ती करण्याआधी विचार करा, कारण तिचा निकाल तुम्हा भावंडांनाही काहीतरी सांगून जातो.

आईंची रक्त पातळ करायची गोळी या सगळ्यात निर्णायक आहे. मेंदूतल्या भिंती गळक्या करणारं औषध आणि रक्त गोठू न देणारं औषध एकत्र आलं तर छोटा स्राव मोठा होऊ शकतो. या इंजेक्शनांचा वापर कसा करावा यावर तज्ज्ञांनी ज्या शिफारशी केल्या आहेत त्यांत अशा रुग्णांना लेकॅनेमॅब देऊ नये असं म्हटलं आहे, आणि माझंही मत तेच आहे. याला पर्याय म्हणून कुणी ‘मग गोळी बंद करू’ सुचवेल. ते अजिबात करू नका. अनियमित ठोक्यांत ती गोळी बंद केली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, आणि त्या एका झटक्यात सीडीआरचे कितीतरी गुण एका दुपारीत जातात. आणखी एक गुंता आहे. हे इंजेक्शन चालू असताना असा झटका आलाच, तर गुठळी विरघळवणारं औषध देणं धोक्याचं ठरतं. एका रुग्णाचा त्यात मेंदूतल्या मोठ्या रक्तस्रावाने मृत्यू झाल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. जे लोक हे इंजेक्शन घेतात त्यांच्या खिशात त्याची चिठ्ठी असायलाच हवी, म्हणजे रात्री कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कळेल.

तेव्हा भावाला हे आकडे आणि गोळीचं कारण सांगा. अमेरिकेतल्या त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तरी गोळीचं नाव ऐकल्यावर उत्तर बहुधा हेच येईल. पेट स्कॅन किंवा रक्तातली पी-टाउ २१७ चाचणी निदान पक्कं करायला उपयोगी आहे. पण इंजेक्शन द्यायचंच नसेल तर तिच्यावर घाईने खर्च करायची गरज नाही. निदानाबद्दल शंका असेल तरच करा. बी-१२, थायरॉइड आणि एक एमआरआय झाले नसतील तर ते आधी. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्या स्मृती आणखी ओढतात. डोनेपेझिल हे जुनं औषध अमायलॉइडला किंवा टाउला हात लावत नाही. ते उरलेल्या पेशींमधला निरोप थोडा मोठ्याने पोचवतं, आणि काहींना त्याचा माफक फायदा होतो. पण ते नाडी मंदावतं. आईंच्या ठोक्यांचा प्रश्न आहे, म्हणून ते सुरू करण्याआधी ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि ठोके हळू ठेवणारी दुसरी एखादी गोळी चालू असेल तर तिचं नाव त्यांना आधी सांगा.